एकच नाव असलेल्यांच्या पासपोर्टबद्दल : पासपोर्ट सेवा विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अधिकारी, पासपोर्ट सेवा विभाग, परराष्ट्र मंत्रालय
आणि मा. विभागीय पासपोर्ट अधिकारी, विदेश भवन, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय : आडनावाची जागा कोरी असलेल्या पासपोर्टधारकांना पासपोर्ट देतानाच लेखी माहिती मिळावी आणि पासपोर्टवर तशी नोंद असावी, याबद्दल विनंती.

महोदय, महोदया,

दादर पश्चिमेला माझं तिकिटांचं आणि व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. तेवीस वर्षं हेच करतोय. माणसाचं नाव एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना कुठे अडकतं, हे मी रोज बघतो. तरीही हे पत्र लिहायला बसलो ते माझ्या भाचीमुळे. तिचं खरं नाव इथे देत नाही, मुक्ता म्हणू. तिला एवढंच नाव आहे. मागे काही नाही, पुढेही नाही.

ताई आणि दाजी वेगवेगळ्या जातींतले. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांत जे झालं, त्यानंतर त्यांनी ठरवलं की मुलीला आडनाव लावायचं नाही. आपल्याकडे आडनाव ऐकलं की समोरचा मनातल्या मनात गाव, जात, पोटजात लावून मोकळा होतो, हे मी आपल्याला सांगायला नको. महापालिकेच्या जन्मदाखल्यात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव असे वेगळे रकाने असतात, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. शाळेत मुख्याध्यापकांशी दोनदा बोलावं लागलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘आडनाव प्रथम’ असं छापलेलं असतं, त्याखाली तिचं एकटं नाव उभं आहे. आधारमध्ये नावाला एकच रकाना, तिथेही प्रश्न आला नाही. अठरा वर्षं पोरगी एका नावावर सुखानं वाढली.

पासपोर्टचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तो मीच भरला. आपल्या फॉर्ममध्ये ‘दिलेलं नाव’ हा रकाना सक्तीचा आहे आणि आडनावाचा ऐच्छिक. मी पहिल्यात मुक्ता लिहिलं, दुसरा सोडला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आडनाव खरंच नाही ना? तिनं नाही म्हटलं. बाईंनी मान डोलावली आणि काम झालं. यात कुणाचीही काही चूक नव्हती. आपला विभाग एका नावाच्या माणसाला आडनाव लावायची सक्ती करत नाही, याबद्दल मी मनापासून आभार मानतो. ज्या घरांनी विचार करून आडनाव सोडलंय त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

अडचण विमानतळाच्या पलीकडे सुरू होते. ती समजायला पासपोर्टच्या तळाशी असलेल्या, मशीननं वाचायच्या दोन ओळी बघाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्यांचे नियम आहेत. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरांच्या जागा. पहिल्या ओळीतल्या पाच जागा कागदाचा प्रकार आणि देशाचा कोड यांत जातात, उरलेल्या ३९ नावासाठी. त्या नावाचे दोन भाग मानलेत, मुख्य ओळख आणि दुय्यम ओळख. बहुतेकांच्या बाबतीत आडनाव मुख्य आणि स्वतःचं नाव दुय्यम. दोन्हींच्या मध्ये दोन भरणचिन्हं, म्हणजे रिकामी जागा भरणाऱ्या खुणा, येतात. नाव एकच असेल तर ते मुख्य ओळख म्हणून लिहायचं आणि पुढच्या सगळ्या जागा भरणचिन्हांनी भरायच्या, असं तो दस्तऐवज सांगतो. नमुन्यासाठी वापरायच्या काल्पनिक देशाचा कोड घेऊन दोन्ही प्रकार असे दिसतील :

```
P<UTOSHINDE<<MUKTA<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
P<UTOMUKTA<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

म्हणजे एकच नाव असणं ही त्या व्यवस्थेला न समजणारी गोष्ट नाही. तिनं त्याची सोय केलेली आहे आणि ते नाव कुठे ठेवायचं तेही ठरवलेलं आहे : पहिल्या, म्हणजे सगळे ज्याला आडनावाची जागा म्हणतात त्या जागेत. आपल्या पासपोर्टच्या छापील भागात मात्र एकटं नाव ‘दिलेलं नाव’ या ठिकाणी येतं आणि आडनावाची जागा कोरी राहते. माणूस तो छापील भाग बघून पुढचे सगळे फॉर्म भरतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की सीमेपलीकडे त्याचं नाव एक घर सरकणार आहे.

मुक्ताला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळाला. अर्ज तिनं स्वतः भरला होता. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे जाईना. टिंब टाकून पाहिलं, ते घेतलं नाही. मग तिनं मुक्ता पहिलं नाव आणि मुक्ताच आडनाव असं लिहून अर्ज पाठवला. रात्री दीड वाजता, शेवटच्या तारखेला, दुसरं काय करणार? विद्यापीठानं त्याच नावानं आय-२० काढला. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा हा कागद ज्या सरकारी प्रणालीतून निघतो, तिचा नावाबद्दलचा नियम स्पष्ट आहे : एकच नाव असेल तर ते आडनाव किंवा मुख्य नावाच्या रकान्यात घाला आणि दिलेल्या नावाचा रकाना रिकामा ठेवा. तिथे काही भरायचं नाही, FNU सुद्धा नाही.

FNU म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. हीच तीन अक्षरं त्याच देशाच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये, डीएस-१६० मध्ये, घालावी लागतात. तिथली सूचना अशी की पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते आडनावात लिहा आणि दिलेल्या नावाच्या जागी FNU. हे मला माहीत होतं, म्हणून डीएस-१६० बरोबर भरला गेला. व्हिसा छापून आला तो आडनाव MUKTA, नाव FNU असा. मग लक्षात आलं की आय-२० वर मुक्ता मुक्ता आहे. विद्यापीठाला ईमेल केला, नियम दाखवला. त्यांनी नऊ दिवसांनी दुरुस्त प्रत पाठवली.

मधल्या काळात दाजींनी, मला त्रास नको म्हणून, एका वेबसाइटवरून तिकीट काढलं होतं. तिथेही दोन रकाने सक्तीचे, त्यांनी दोन्हींत मुक्ता लिहिलं. सहारच्या टी-२ वर रात्री एक वाजता काउंटरवरच्या मुलानं तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. पासपोर्टवर नुसतं मुक्ता. व्हिसावर FNU MUKTA. तिकिटावर MUKTA MUKTA. तो म्हणाला, ही तीन वेगळी माणसं आहेत. सुपरवायझर आले, कुठेतरी फोन झाले, जवळजवळ एक तास गेला. ताई काचेच्या बाहेरून हातवारे करून विचारत होती, काय झालं, काय झालं. शेवटी त्यांनी आरक्षणात शेरा टाकला आणि पोरीला सोडलं. ती धावत गेटवर पोचली.

त्या मुलालाही मी दोष देत नाही. ज्या प्रवाशाला समोरचा देश आत घेत नाही, त्याला आमच्या धंद्यात ‘इनॅड’ म्हणतात, आणि त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो. म्हणून शंका आली की काउंटर थांबवणारच.

तिकिटाच्या बाबतीत सगळ्या कंपन्यांचा एक नियमही नाही. आरक्षणाच्या आमच्या पडद्यावर, एका प्रवाशाचं नाव सुरू होतंय हे सांगणाऱ्या NM1 या खुणेनंतर, आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव आणि शेवटी संबोधन अशी नोंद करावी लागते :

```
NM1MUKTA/FNU MS
```

काही कंपन्या रेघेपुढे FNU घ्या म्हणतात, काही नावच पुन्हा लिहा म्हणतात, काही नुसतं संबोधन चालवतात. छापील तिकिटावर मधली जागा गळते आणि FNUMS असं काहीतरी दिसतं. मी आता दर वेळी त्या कंपनीला विचारून, उत्तर लेखी घेऊन, त्याची प्रत प्रवाशाच्या हातात देतो. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पक्की झाली : एकटं नाव नेहमी रेघेच्या आधी, आडनावाच्या जागी ठेवायचं. दुसऱ्या रकान्यात काय जाईल ते बदलू शकतं, पण पहिला सगळीकडे सारखा राहिला तर कागद एकमेकांशी जुळवता येतात. उलट केलं, म्हणजे पासपोर्टवर दिसतं तसं मुक्ता ‘नावात’ घातलं आणि आडनावात टिंब, ‘लागू नाही’ किंवा वडिलांचं नाव टाकलं, की व्हिसा आणि तिकीट जुळायचं थांबतं.

कॅनडाचा नियम त्या मानानं सरळ आहे. पासपोर्टवर आडनाव नसेल तर जे नाव आहे ते आडनावाच्या रकान्यात, दुसरा रकाना रिकामा, आणि तिथे FNU किंवा फुली असलं काही घालू नका, असं ते लिहूनच सांगतात. पण अमेरिकेला एकदा जाऊन आलेला माणूस सवयीनं FNU घालतो आणि तिथे चुकतो.

आखाताची गोष्ट आणखी वेगळी. पासपोर्टवर ताईसुद्धा एकाच नावाची आहे, लग्नानंतर तिनंही आडनाव टाकलं. २०२२ च्या डिसेंबरात शारजाला आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. ताईचा व्हिजिट व्हिसा झाला होता, तिकीट झालं होतं. नोव्हेंबरात विमान कंपन्यांचं परिपत्रक आलं की संयुक्त अरब अमिरातीनं २१ नोव्हेंबरपासून पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना, नाव किंवा आडनाव यांपैकी एक जागा कोरी असेल तर, व्हिजिट, आगमनावर मिळणारा, नोकरीचा किंवा तात्पुरता व्हिसा असला तरी प्रवेश द्यायचा नाही असं ठरवलंय. तिथे राहण्याचा परवाना असलेल्यांना सूट होती. माझ्या ऑफिसात त्या आठवड्यात फोन थांबत नव्हते. मुंबईतून आखातात कामाला जाणारे किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी आडनावाची पद्धतच नाही. माटुंग्या-धारावीतल्या तमिळ घरांत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, तेही सगळेच लावत नाहीत.

घरातले म्हणू लागले, ताई, लावून टाक ना आडनाव. दहा दिवसांत ते कसं होणार? नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडून राजपत्रात प्रसिद्धी, मग पासपोर्टचा पुनर्अर्ज, आणि त्यानंतर आधार, पॅन, बँक सगळीकडे तेच. पुढच्या काही दिवसांत खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर ते ग्राह्य धरलं जाईल. ताईच्या पासपोर्टवर आमच्या वडिलांचं नाव छापलेलं होतं. त्या पानाची रंगीत प्रत आणि परिपत्रकाची प्रत घेऊन ती गेली, लग्न लावून आली. ज्यांना तो खुलासा वेळेत कळला नाही, त्यांचं काय झालं असेल हा विचार अजून मनातून जात नाही.

मुक्ताचं पुढे असं झालं की विद्यापीठाच्या ओळखपत्रावर व्हिसावरचं नाव आलं. वर्गात पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी हजेरी घेताना ‘फ्नू’ अशी हाक मारली. तिला कळलंच नाही की आपल्याला बोलावतायत. ईमेलची सुरुवात ‘प्रिय फ्नू’. वाहन परवान्यावर तेच, बँकेच्या कार्डावर तेच. तिच्या वर्गात आणखी दोन फ्नू होते, एक इंडोनेशियाचा आणि एक आपलाच, तमिळनाडूतला. एका रात्री फोनवर ती मला म्हणाली, “मामा, आईबाबांनी मला जातीचं नाव लागू नये म्हणून एवढं केलं, आणि इथे माझं नाव ‘अज्ञात’ आहे.” मला काही बोलता आलं नाही. फॉर्म तर मीच भरला होता.

महोदय, परदेशांचे फॉर्म आपल्या हातात नाहीत, हे मला समजतं. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्या दोन्ही छोट्या आहेत.

पहिली अशी की ऑनलाइन अर्जात आडनावाचा रकाना रिकामा ठेवून कुणी पुढे जाऊ लागला की तिथेच एक पान उघडावं, मराठीत, हिंदीत, त्याला वाचता येईल त्या भाषेत. त्यात लिहिलेलं असावं की तुमचा पासपोर्ट असाच मिळेल आणि तो पूर्ण वैध आहे, मात्र परदेशांच्या फॉर्ममध्ये तुमचं नाव बहुधा आडनावाच्या जागी जाईल, अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्मवर दुसऱ्या रकान्यात FNU लागेल, कॅनडाच्या फॉर्मवर तो रिकामा राहील, अमिरातीला जाताना वडिलांचं नाव असलेलं पान दाखवावं लागेल. वर्षातून एकदा ते पान तपासून ताजं करावं. पासपोर्ट छापण्याआधी अर्जदाराला जो तपशील पडद्यावर तपासायला मिळतो, त्यात मशीननं वाचायची ओळही दाखवावी, म्हणजे आपलं नाव कुठल्या भागात बसलंय ते त्याला घरी यायच्या आधी कळेल. ज्याला हे वाचून आडनाव लावावंसं वाटेल त्यानं लावावं, ज्याला नाही त्यानं लावू नये. निर्णय कळून घेतलेला असावा, एवढंच मागणं आहे.

दुसरी गोष्ट, पासपोर्टवर एक छापील नोंद : धारकाला एकच नाव असून आडनाव नाही. इंग्रजीत, एका ओळीत. आज काउंटरवरच्या माणसाला कोरी जागा दिसते, आणि ती मुद्दाम कोरी आहे की छपाईत राहून गेलीय, हे त्याला ठरवता येत नाही. भारत सरकारनंच ते सांगितलं तर सहारच्या त्या मुलाला फोन करत बसावं लागणार नाही, आणि मुक्ताला विद्यापीठाच्या कार्यालयात ‘हेच माझं पूर्ण नाव’ असं सांगताना हातात काहीतरी असेल.

आणखी एक, हे दुसऱ्या खात्याचं आहे पण आपण सांगितलं तर ऐकलं जाईल म्हणून लिहितो. पॅनच्या अर्जात नियम बरोबर उलटा आहे, तिथे एकच नाव असलेल्यानं ते आडनावाच्या रकान्यात लिहायचं. म्हणजे मुक्ताच्या पॅनवरच्या नोंदीत मुक्ता हे आडनाव आणि पासपोर्टवर मुक्ता हे नाव. शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेनं दोन्ही कागद मागितले तेव्हा याच फरकावरून तिला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, ‘दोन्ही व्यक्ती एकच आहेत’ म्हणून. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी एका नावाला एकच जागा दिली, तर ते प्रतिज्ञापत्र लागणार नाही.

मुक्ताच्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. गणपतीत ती घरी येईल तेव्हा लोअर परळला नूतनीकरणाची वेळ घ्यायची असं ठरलंय. मी तिला विचारलं होतं, या वेळी दाजींचं नाव आडनाव म्हणून घालायचं का, पुढचं सगळं सोपं होईल. तिनं दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाली. तेव्हा आम्ही पुन्हा तो रकाना कोरा ठेवणार आहोत. त्याआधी वरच्या दोनांपैकी एखादी गोष्ट झाली तर आम्हाला फार आधार होईल. फॉर्मची भाषा ठरवताना माझ्या ऑफिसातल्या अनुभवाचा काही उपयोग होणार असेल, तर आपण बोलवाल त्या दिवशी मी येईन.

आपला नम्र,
दादरचा एक तिकीट-व्हिसा व्यावसायिक, आणि मुक्ताचा मामा